रात्रपाळीत फिटची गोळी राहिली, तर?

*डॉक्टर, माझे मिस्टर 32 वर्षांचे आहेत. चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतात. त्यांना लेव्हेटिरासिटाम 500 ची गोळी दिवसातून दोनदा चालू आहे. दीड वर्ष एकही फिट आली नव्हती. मागच्या सोमवारी सकाळी नऊला गोळी घेतली. रात्रीची ते झोपताना घेतात, पण थर्ड शिफ्ट होती म्हणून ती राहिली. मंगळवारी सकाळी आठला आले, चहा पिऊन तसेच झोपले. दुपारी अडीचला उठले आणि मोरीकडे जाताना फिट येऊन पडले. तीनेक मिनिटांत थांबली. मेडिकलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, राहिलेली आणि आताची अशा दोन एकदम द्या. ते अर्धवट शुद्धीत असतानाच मी दिल्या. सासूबाई कांदा हुंगवत होत्या. एकच गोळी चुकली होती, मग एवढं कसं झालं? पुन्हा राहिली तर काय करायचं? आणि डॉक्टर रागावतील म्हणून हे त्यांना सांगू नकोस म्हणतात.*
*— एक वाचक, चाकण*

ताई, आधी आपण तास मोजू या, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या तासांतच आहे.

लेव्हेटिरासिटाम रक्तात फार काळ टिकत नाही. मूत्रपिंडं नीट काम करत असलेल्या मोठ्या माणसात साधारण सहा ते आठ तासांत तिचं प्रमाण निम्म्यावर येतं. आपण सात धरू. सोमवारी सकाळी नऊच्या गोळीने जी पातळी गाठली, ती संध्याकाळी चारच्या सुमारास निम्मी झाली आणि रात्री अकराला पाव राहिली. एरवी याच्या थोडं आधी, म्हणजे नऊ वाजता, दुसरी गोळी पोटात जाते आणि पातळी पुन्हा वर चढते. बारा तासांचं अंतर ठरवलेलं असतं ते याच हिशेबाने. त्या रात्री ती गोळी गेली नाही. मंगळवारी पहाटे सहाला आठवा हिस्सा उरला, दुपारी एकला सोळावा. अडीचला ते उठले तेव्हा शेवटच्या गोळीला साडेएकोणतीस तास झाले होते.

म्हणजे गोळी एक नाही, दोन चुकल्या. मंगळवार सकाळची नऊची गोळीसुद्धा राहिली, कारण त्या वेळी ते झोपलेले होते. घरात कोणी मोजायला बसलं की ‘रात्रीची राहिली’ एवढंच आठवतं. झोपेत गेलेली सकाळची गोळी कोणाच्या हिशेबात येत नाही. रात्रपाळीच्या माणसांत मला हे वारंवार दिसतं. त्यात भर म्हणून त्यांची रात्रभराची झोप गेलेली होती. जागरण हे फिट यायला स्वतंत्र कारण आहे. गोळी वेळेवर असेल तर शरीर एखादं जागरण निभावून नेतं, आणि पुरेशी झोप असेल तर गोळीचा एखाददुसऱ्या तासाचा उशीरही बहुतेकदा निभतो. त्या दिवशी दोन्ही आधार एकाच वेळी सुटले.

आता गोळी राहिल्याचं लक्षात आल्यावर काय करायचं ते पाहू. नियम छोटा आहे. आठवल्याबरोबर एक गोळी घ्यायची आणि पुढची तिच्या ठरलेल्या वेळेलाच. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल, तर राहिलेली सोडून द्यायची आणि पुढची वेळेवर घ्यायची. दोन एकदम घ्यायच्या नाहीत. बारा-बारा तासांनी घ्यायच्या गोळीसाठी बरेच डॉक्टर मधली रेष सहा तासांवर ओढतात.

हाच नियम तुमच्या मिस्टरांच्या त्या रात्रीला लावून बघा. नऊची गोळी राहिल्याचं रात्री एक वाजता कंपनीत आठवलं असतं, तर चारच तास उशीर झाला होता. खिशातली गोळी तिथेच पाण्याबरोबर घ्यायची आणि सकाळी नऊची नेहमीसारखी नऊलाच. मधे आठ तासांचंच अंतर पडतं, पण या गोळीला ते चालतं. फार तर थोडी जास्त झोप येईल. लेव्हेटिरासिटाम पोटात गेल्यावर साधारण तासाभरात रक्तात पुरती उतरते, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळीही उपयोगाचीच असते.

सकाळी आठला घरात पाय ठेवताना आठवलं असतं, तर पुढची वेळ तासावर होती. तेव्हा एकच गोळी घ्यायची, ती सकाळची म्हणून, आणि मग झोपायचं. रात्रीची गेली ती गेली. आणि दुपारी अडीचला, फिट न येता, नुसतं उठल्यावर आठवलं असतं, तर सकाळच्या गोळीला साडेपाच तास उशीर झालेला होता. लगेच एक घ्यायची, रात्री नऊची नऊलाच, आणि लागोपाठ दोन चुकल्या म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. अशा वेळी आम्ही काही रुग्णांना एक-दोन दिवसांपुरती दुसरी गोळी, बहुधा क्लोबाझाम, आधार म्हणून देतो. ती कोणाला द्यायची आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. शेजारच्या कोणाकडे ती आहे म्हणून घेऊन देऊ नका.

अवघड असतं ते पहाटे चार-पाचला आठवतं तेव्हा. राहिलेल्या गोळीला सात-आठ तास झालेले, पुढची चार-पाच तासांवर. काही डॉक्टर सांगतात की राहिलेली सोडा आणि पुढची चुकवू नका. ज्यांना एक गोळी राहिली तरी फिट येते, त्यांना काही डॉक्टर लगेच घ्यायला सांगतात आणि पुढची थोडी पुढे ढकलायला सांगतात. कोणाची फिट किती चटकन येते यावर ते ठरतं, म्हणून मी इथून तुम्हाला एक उत्तर देणार नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा, घड्याळातल्या वेळा सांगून, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.

तुम्ही दोन गोळ्या एकदम दिल्यात, त्याची धास्ती मनातून काढून टाका. लेव्हेटिरासिटाम 500 च्या दोन म्हणजे 1000 मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला एका वेळी एवढा डोस डॉक्टरही गरज असेल तेव्हा देतात. त्यांना त्या दिवशी गुंगी आली असेल, गरगरलं असेल, पण इजा होण्याइतकं ते नव्हतं. तरी दोन घेऊन फायदा काय झाला? मागचे साडेएकोणतीस तास भरून निघत नाहीत. फिट येऊन गेली होती, आणि पातळी वर आणायला एक गोळी आणि पुढची वेळेवरची गोळी पुरे होती.

दुसऱ्या गोळ्यांच्या बाबतीत हीच सवय महागात पडते, म्हणून इतर वाचकांसाठी हे सविस्तर सांगते. फेनिटोइन घेणाऱ्यांनी तर दोन एकदम कधीच घेऊ नयेत. ते औषध मोडून टाकण्याची यकृताची क्षमता लवकर संपते. त्या मर्यादेजवळ डोस थोडा वाढला तरी रक्तातली पातळी त्या मानाने खूपच वर जाते. मग चालताना तोल जातो, डोळ्यांची बुबुळं थरथरतात, बोलणं जड होतं. कार्बामाझेपिन दुप्पट झाली की समोरचं एकाचं दोन दिसतं आणि चक्कर येते. अशा अवस्थेत जिन्यावरून पडून हात मोडून आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. आणि लॅमोट्रिजिनचं वेगळंच आहे. ती पाच दिवसांहून जास्त बंद राहिली असेल, तर एकदम जुन्या डोसवर परत जायचं नाही. अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका असतो, म्हणून ती पुन्हा अगदी थोड्यापासून हळूहळू वाढवावी लागते. सोबत दुसरी औषधं असतील तर हे दिवस कमीही होऊ शकतात, म्हणून दोन-तीन दिवस राहिली तरी आधी फोन करा. मेडिकलवाल्याचा हेतू वाईट नव्हता, पण ‘राहिलेली आणि आताची’ हा सल्ला सगळ्या गोळ्यांना सारखा लावता येत नाही.

मला खरी काळजी वाटली ती गोळ्या अर्धवट शुद्धीत दिल्या याची. फिट थांबल्यावर काही मिनिटं, कधी अर्धा-पाऊण तासही, माणूस डोळे उघडतो पण गिळण्यावर त्याचा ताबा नसतो. गोळी किंवा पाणी श्वासनलिकेत गेलं तर ठसका, गुदमरणं, पुढे न्यूमोनियासुद्धा होऊ शकतो. पुढच्या वेळी त्यांना कुशीवर वळवून ठेवा आणि पूर्ण जागे होईपर्यंत थांबा. स्वतःचं नाव नीट सांगता आलं, बसून घोटभर पाणी ठसका न लागता पिता आलं, की मग राहिलेली एक गोळी द्या. तो अर्धा तास थांबल्याने काही बिघडत नाही. कांदा, चप्पल, किल्ली यांनी फिट थांबत नाही. ती आपल्या वेळेने थांबते आणि लोकांना वाटतं कांद्याने थांबली. सासूबाईंना न दुखावता एवढंच सांगा की त्या वेळी त्यांनी घड्याळ बघावं. ते काम खरोखर महत्त्वाचं आहे. फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा शुद्ध न येता लगेच दुसरी आली, तर वाट बघायची नाही, 108 ला फोन लावायचा. पडताना डोक्याला मार लागला असेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तरीही तसंच. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरात ठेवायचा का, आणि वजनाप्रमाणे किती वेळा मारायचा, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. गोळी चुकून आलेल्या फिटनंतर त्या दिवसात दुसरी येण्याची शक्यता असते, म्हणून त्या दिवशी त्यांना एकटं ठेवू नका, मोरीची कडी लावू देऊ नका, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी आणि मशीनचं काम बंद.

आता मूळ दुखण्याकडे येते. ‘झोपताना’ ही शिफ्टच्या माणसासाठी गोळीची वेळ होऊच शकत नाही. फर्स्ट शिफ्टला ते रात्री दहाला झोपतात, सेकंडला एक-दीडला, थर्डला सकाळी नऊला. झोप जशी सरकते तशी गोळी सरकते. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात त्यांची सकाळची गोळी कधी आणि रात्रीची कधी जाते, ते एकदा मांडून बघा. सकाळी दहा आणि रात्री एक असेल, तर एकीकडे पंधरा तासांची फट आणि दुसरीकडे नऊ तासांची. गोळ्या दोन्ही घेतल्या म्हणून सगळं ठीक वाटतं, पण रोज त्या पंधराव्या तासाला पातळी पावाच्याही खाली जाते. फिट आली नाही तोवर हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

घड्याळातल्या अशा दोन वेळा शोधा, ज्या तिन्ही शिफ्टमध्ये जमतील. साधारण सात, साडेतीन आणि बाराला शिफ्ट बदलत असेल, तर सकाळी आठ आणि रात्री आठ या वेळा मला सोयीच्या वाटतात. फर्स्ट शिफ्टला सकाळची गोळी कंपनीत, रात्रीची घरी. सेकंडला सकाळी आठला ते गाढ झोपेत असतील. तेव्हा तुम्ही उठवून गोळी द्या, पाणी प्यायला लावा आणि पुन्हा झोपू द्या. रात्री आठची कंपनीत, जेवणाच्या सुट्टीच्या आसपास. थर्डला रात्री आठला ते घरीच असतात, सकाळी आठला नुकतेच आलेले. चहाच्या आधी गोळी, मग झोप. ही गोळी रिकाम्या पोटीही चालते. अन्नामुळे ती जरा सावकाश उतरते इतकंच, कमी उतरत नाही. त्यामुळे नाश्ता झाला नाही, आज एकादशी आहे, डबा खायला उशीर झाला, यातलं काहीही गोळी थांबवायला कारण होत नाही. आठच्या अर्धा-एक तास इकडेतिकडे झालं तर घाबरू नका. नऊवरून आठवर यायलाही काही विशेष करावं लागत नाही, एक दिवस तासभर आधी घेतली की झालं.

मोबाइलमध्ये रोज आठचे दोन गजर लावा, तुमच्या आणि त्यांच्या दोघांच्याही. पण कंपनीच्या लाइनवर मोबाइल जवळ ठेवू देत नसतील, तर मनगटी घड्याळाचा गजर लावा. दोन दिवसांच्या गोळ्या, पट्टीतून न काढता तेवढा तुकडा कापून, डब्याच्या पिशवीत कायम असू द्या. गोळी चुकण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे आठवतं तेव्हा ती जवळ नसते. दुसरा गोंधळ होतो तो ‘घेतली की नाही’ याचा. त्यावर मी रुग्णांना स्वस्तातला उपाय सांगते. दहाची पट्टी म्हणजे पाच दिवस. नवी पट्टी काढली की मागच्या बाजूला प्रत्येक गोळीवर पेनाने वार लिहायचा, वर ‘स’ किंवा ‘रा’. शंका आली तर पट्टी बघायची, आठवण ताणत बसायची नाही. आठवड्याची कप्प्यांची डबी मिळाली तर आणखी बरं. आणि घरात आठवड्याच्या गोळ्या उरल्या की पुढच्या आणा, त्याच कंपनीच्या. दिवाळीत दुकानं बंद असताना शेवटची पट्टी संपल्यावर धावपळ करणारे नातेवाईक मला दर वर्षी भेटतात.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुम्ही त्यांना शांतपणे विचारावी असं मला वाटतं. थर्ड शिफ्टची गोळी खरंच राहिली, की ठेवली? ही गोळी काहींना सुस्त करते. रात्रभर मशीनवर उभं राहायचं असेल तर माणूस स्वतःच ठरवतो की झोप आली तर सुपरवायझर बोलेल, आज नको. हे लाजण्यासारखं कारण नाही, आणि त्यावर मार्गही आहेत. दोन्ही वेळचा डोस सारखाच ठेवण्याऐवजी डॉक्टर कमी-जास्त करू शकतात, दिवसातून एकदाच घ्यायची सावकाश सुटणारी गोळी देऊ शकतात, किंवा औषधच बदलू शकतात. ती सावकाश सुटणारी गोळी मात्र चावायची किंवा कुटायची नाही. काहींचा या गोळीने स्वभाव चिडका होतो, तेही बोलायला हवं. फक्त आपल्या मनाने गोळी ठेवायची नाही.

म्हणूनच डॉक्टरांना सांगायला हवं, रागावले तरी. न सांगण्याने पुढे काय होतं ते ऐका. डॉक्टरांना कळतं की गोळी चालू असताना फिट आली. त्यांच्या दृष्टीने याचा अर्थ होतो की 500 पुरत नाही. ते 750 करतात, किंवा दुसरी गोळी जोडतात. सुस्ती वाढते, सुस्तीमुळे पुन्हा गोळी ठेवली जाते, पुन्हा फिट येते, पुन्हा डोस चढतो. माझ्याकडे तीन-तीन गोळ्यांवर पोहोचलेले लोक येतात आणि नीट बसून बोललं की कळतं, पहिलीच गोळी आठवड्यातून दोनदा चुकत होती. वेळेवर घेतली असती तर ती एकटी पुरली असती. सोमवार सकाळ ते मंगळवार दुपार हे तास डॉक्टरांपुढे जसे आहेत तसे ठेवले, तर बहुधा डोस तोच राहील आणि वेळ तेवढी बदलेल. मिस्टर बोलायला तयार नसतील तर तुम्ही सोबत जा आणि तुम्ही सांगा.

त्याच भेटीत रात्रपाळीबद्दल विचारा. दर तिसऱ्या आठवड्याला जागरण हे या आजारात टाळता आलं तर टाळावंच. ‘रात्रपाळी देऊ नये’ असं पत्र डॉक्टरांकडून घेऊन ते कंपनीच्या मेडिकल ऑफिसरकडे द्या. आजार कळला की नोकरी जाईल ही भीती मला माहीत आहे, ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण ते कोणत्या मशीनवर आहेत, उंचावर काम आहे का, हे डॉक्टरांना कळायलाच हवं. प्रेसवर काम करत असतील तर थांबू नका, याच आठवड्यात जा.

कागदावर डॉक्टरांकडून एवढं लिहून आणा: गोळीचं नाव आणि डोस, दोन वेळा, किती तास उशीर झाला तर घ्यायची आणि कधी सोडायची, लागोपाठ दोन राहिल्या तर कोणाला फोन, आणि उलटी झाली तर काय. उलटी अर्ध्या तासाच्या आत झाली किंवा त्यात गोळी दिसली तर सहसा पुन्हा द्यायला सांगतात, पण ते तुमच्या डॉक्टरांच्या अक्षरात असू द्या. त्या कागदाचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि एक प्रत कंपनीत त्यांच्याबरोबर डबा खाणाऱ्या विश्वासातल्या माणसाकडे.